पगार तोच, रस्ता वेगळा: मालकाच्या हातून जाणारं एनपीएस कुणासाठी आणि कुणासाठी नाही



पगारपत्रकाच्या व्हिडिओखाली एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता. ‘सर, स्टाफच्या पगारातून एनपीएस कापून आम्ही कंपनीच्या नावाने भरलं, तर त्यांचा टॅक्स खरंच कमी होतो का? की ही फक्त एजंटची बोलणी?’ व्हिडिओत याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन भागलं नसतं, म्हणून इथे नीट लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. ही सोय खरी आहे आणि कायदेशीर आहे. ज्याच्या पगारावर खरोखर कर बसतो, त्याच्यासाठी ती फार चांगली आहे. पण ज्याला मुळात करच नाही, त्याच्या पगारातून ‘टॅक्स वाचेल’ असं सांगून पैसे वळवणं मला पटत नाही. आपल्यासारख्या छोट्या धंद्यात बहुतेक कामगार या दुसऱ्या गटातले असतात. म्हणून सरसकट सगळ्यांना लावू नका. एकेकाचा हिशोब करा आणि मग ठरवा.

खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या कररचनेचे आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतोय आणि त्यात क्रमांक बदलतात, त्यामुळे पुढच्या वर्षाचं काम करताना नवा क्रमांक सीएला विचारून घ्या.

पैसे तेच, पण कोणाच्या हातून गेले?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. प्रत्येकाचं स्वतःचं खातं असतं, त्याला प्रान नंबर असतो, आणि त्यात पैसे दोन वाटांनी येऊ शकतात. एक, कामगार स्वतः भरतो. दोन, त्याचा मालक भरतो.

नव्या कररचनेत या दोन वाटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कामगाराने पगार हातात घेतला आणि त्यातून स्वतः एनपीएस भरलं, तर त्याला एका रुपयाचीही वजावट मिळत नाही. ती पन्नास हजारांची जादा वजावट तुम्ही ऐकली असेल, ती फक्त जुन्या रचनेत आहे. पण तेच पैसे मालकाने मालकाचा हिस्सा म्हणून भरले, तर कलम ८०सीसीडी(२) खाली ते कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. नव्या रचनेत ही मर्यादा मूळ पगाराच्या १४ टक्के आहे. खासगी नोकरीतल्या माणसाने जुनी रचना निवडली असेल, तर मर्यादा १० टक्के.

इथे ‘मूळ पगार’ हा शब्द नीट वाचा. बेसिक आणि नोकरीच्या अटींत धरलेला महागाई भत्ता एवढंच यात येतं. घरभाडं, प्रवास, मोबाईल, स्पेशल अलाउन्स, यातलं काहीच नाही. लाखभर पगार असलेल्या माणसाचं बेसिक चाळीस हजार असेल, तर चौदा टक्के चाळीस हजारांवर काढायचे, लाखावर नाही.

आणि मालक म्हणून तुमचं काय? तुमचा खर्च बदलत नाही. पगार म्हणून दिलेली रक्कम जशी धंद्याचा खर्च म्हणून वजा होते, तसाच एनपीएसमध्ये भरलेला मालकाचा हिस्साही, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, खर्च म्हणून वजा होतो. म्हणजे तुमच्या खिशातून जास्त काही जात नाही. एकूण ठरलेल्या पगाराचा एक भाग फक्त वेगळ्या रस्त्याने जातो. म्हणूनच ‘मालक देतो’ म्हटलं तरी पैसा कामगाराचाच आहे. त्याच्याशी बोलताना ‘मी तुला पेन्शन देतोय’ असं मिरवू नका, आपण पदरचं काही घालत नसतो.

एक हिशोब पूर्ण करून बघू

समजा तुमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अकरा माणसं आहेत, वीसच्या आत असल्यामुळे पीएफ सक्तीचा नाही आणि तुम्ही तो घेतलेला नाही. तुमच्याकडे प्रॉडक्शन बघणारा एक अनुभवी माणूस आहे. त्याचा ठरलेला पगार महिना १,१४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १३,६८,०००. त्यातलं बेसिक ६०,००० रुपये. दुसरं उत्पन्न नाही. व्यवसाय कर दोन्ही वेळी सारखाच कापला जाणार, म्हणून तो बाजूला ठेवतो.

आधी एनपीएसशिवाय बघू. १३,६८,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १२,९३,००० राहतं. नव्या रचनेत पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि बारा लाखांच्या वरच्या ९३,००० वर १५ टक्के म्हणजे १३,९५०. एकूण ७३,९५०. त्यावर ४ टक्के सेस २,९५८. झाले ७६,९०८ रुपये. कर जाऊन त्याच्या हातात वर्षाला १२,९१,०९२ येतात, म्हणजे महिन्याला साधारण १,०७,५९१.

आता एनपीएस लावून बघू. बेसिक ६०,००० चे १४ टक्के म्हणजे महिना ८,४००, वर्षाला १,००,८००. ही रक्कम तुम्ही थेट त्याच्या प्रानमध्ये भरता. करपात्र उत्पन्न १२,९३,००० वरून ११,९२,२०० वर येतं. बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर कलम ८७ए ची सूट मिळते आणि कर शून्य होतो. हातात येतात १२,६७,२००, म्हणजे महिन्याला १,०५,६००.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. त्याच्या हातातले महिन्याला १,९९१ रुपये कमी झाले आणि पेन्शन खात्यात महिन्याला ८,४०० जमा झाले. वर्षभरात जमा झालेल्या १,००,८०० पैकी २३,८९२ त्याच्या हातातून कमी झाले, उरलेले ७६,९०८ हे नाहीतर करात गेले असते. अशा माणसाला ही सोय न सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं, असं मी मानतो.

पण हा आकडा एवढा मोठा का आला तेही लक्षात घ्या, नाहीतर तुम्ही सगळ्यांना हेच गणित सांगत सुटाल. हा माणूस बारा लाखांच्या उंबरठ्याच्या जरासा पलीकडे होता. एनपीएसने त्याला अलीकडे आणलं आणि सगळा करच गेला. वीस लाख पगार आणि दहा लाख बेसिक असलेल्या माणसाचं बघा. त्याचं १४ टक्क्यांचं एनपीएस १,४०,००० होतं. करपात्र उत्पन्न १९,२५,००० वरून १७,८५,००० वर येतं, पण दोन्ही वेळा वरचा हिस्सा २० टक्क्यांच्या टप्प्यातच आहे. म्हणून वाचतात २८,००० आणि सेस धरून २९,१२०. तेही कमी नाही, पण ‘सगळा टॅक्स माफ’ असं ते नव्हे.

उंबरठ्याजवळच्या माणसाला आणखी एक विचारा: एफडीचं व्याज किंवा घरभाडं येतं का? वरच्या हिशोबात तो बारा लाखांच्या फक्त ७,८०० रुपये खाली आहे. त्याला वर्षाला २०,००० व्याज येत असेल, तर करपात्र उत्पन्न १२,१२,२०० होईल. तेव्हा पूर्ण कर बसत नाही, कारण बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत. तरी १२,२०० आणि सेस मिळून १२,६८८ भरावे लागतात. फायदा राहतोच, पण तुम्ही ‘शून्य’ म्हणून सांगितलेलं असतं आणि मग तो तुमच्याकडे बोट दाखवतो.

आता काउंटरवरच्या मुलाचं काय?

माझ्या स्वतःच्या दुकानात काम करणाऱ्यांपैकी कुणाचाही पगार कराच्या जवळपास नाही. फक्त पगाराचं उत्पन्न असलेल्या माणसाला १२,७५,००० पर्यंत नव्या रचनेत कर लागत नाही. महिना २५,००० पगार घेणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न तीन लाख. त्याचं बेसिक १५,००० धरलं तर १४ टक्के होतात २,१००. हे २,१०० तुम्ही पगारातून वळवले तर कर किती वाचला? शून्य. आधीही शून्यच होता. त्याच्या हातात मात्र २५,००० ऐवजी २२,९०० येणार. किराणा आणि शाळेची फी यावर चालणाऱ्या घरात दोन हजार शंभर ही छोटी रक्कम नाही.

‘पण सर, म्हातारपणाची सोय होते ना?’ होते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण मग तिला पेन्शन म्हणा, टॅक्स सेव्हिंग म्हणू नका. आणि या दोघांत एक बारीक फरक आहे, जो विकणारे सहसा सांगत नाहीत. एनपीएसमधून मुलांचं शिक्षण, लग्न, घर, आजारपण अशा ठरावीक कारणांसाठी अधेमधे काही रक्कम काढता येते, पण ती कामगाराने स्वतः भरलेल्या पैशांच्या २५ टक्क्यांपर्यंत. मालकाच्या हिश्शाला त्यात हात लावता येत नाही. म्हणजे जे २,१०० मालकाच्या रस्त्याने गेले, ते अडीअडचणीला मिळणार नाहीत. तेच त्याने स्वतः भरले असते तर निदान चौथा हिस्सा अडचणीला काढता आला असता. ज्याला कराचा फायदाच नाही, त्याला मालकाचा रस्ता उलट महाग पडतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्याला कर नाही, त्याचा ठरलेला पगार फोडून एनपीएस काढायचं नाही. त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर पगाराच्या वर द्या. पाचशे द्या, हजार द्या, पण वर. पगारवाढीच्या वेळी ‘यातले हजार हातात आणि पाचशे पेन्शनमध्ये चालतील का’ असं विचारणंही योग्य आहे, फक्त विचारून आणि लिहून घेऊन. ‘दादा, हातात किती येणार?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर रुपयांत द्यायची तुमची तयारी हवी.

ज्याला फायदा आहे त्यालाही सांगा की हे पैसे दीर्घकाळ अडकतात. साठाव्या वर्षी जमा रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी घेतलेले पैसे करमुक्त असतात. ज्या भागाची ॲन्युइटी घ्यावी लागते, त्यातून येणारी पेन्शन त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर तेव्हाच्या दराने कर बसतो. शिवाय पैसे बाजाराशी जोडलेले असतात, व्याजदर ठरलेला नसतो. आज वाचलेला कर हा ठोस आहे, पुढची रक्कम अंदाज आहे.

स्वतः मालकाला हे मिळतं का?

हा प्रश्न नवीन धंदा काढणारे हमखास विचारतात. प्रोप्रायटर असाल तर नाही. तुम्ही स्वतःचे मालक आणि स्वतःचेच नोकर होऊ शकत नाही. तुम्ही गल्ल्यातून घेता ते पगार नव्हे, उचल आहे. भागीदारी फर्ममध्ये भागीदाराला जो मोबदला मिळतो, तोही कायद्याच्या नजरेत धंद्याचं उत्पन्न आहे, पगार नाही. त्यामुळे ८०सीसीडी(२) तिथेही बसत नाही. तुमच्या कामगारांसाठी मात्र तुम्ही प्रोप्रायटर असाल तरी मालकच आहात, त्यांच्यासाठी ही सोय चालते.

प्रायव्हेट लिमिटेडचा डायरेक्टर कंपनीत खरोखर नोकरीला असेल, त्याला ठरलेला पगार आणि बेसिक असेल, ते बोर्डाच्या ठरावात असेल आणि पगारावर टीडीएसचं काम होत असेल, तर त्याला ती मिळते. पण फक्त एवढ्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड काढू नका. उलाढाल कितीही असो, दरवर्षीचं ऑडिट आणि आरओसीची कागदपत्रं मागे लागतात. त्यांचा खर्च आधी मांडा, मग ठरवा.

प्रत्यक्षात कुठे बिघडतं

काम करायचा क्रम अवघड नाही. ज्या बँकेत एनपीएसचं काम होतं, तिथे तुमच्या फर्मची कॉर्पोरेट एनपीएसमध्ये नोंदणी करा. कामगाराचा आधीचा प्रान असेल तर नवा काढायचा नाही, तोच तुमच्या फर्मशी जोडून घ्यायचा. त्याला इंटर सेक्टर शिफ्टिंग म्हणतात. नेमणूकपत्रात किंवा पुरवणी पत्रात पगाराची नवी फोड लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. मग दर महिन्याला पैसे भरा.

बिघडतं ते पैसे भरण्याच्या यादीत. तिथे कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा असे दोन वेगळे रकाने असतात. अकाउंटंट ‘पगारातूनच कापलंय ना’ म्हणून रक्कम कामगाराच्या रकान्यात टाकतो. पैसे खात्यात जातात, सगळं ठीक दिसतं, पण वजावट गेली. हे ओळखायचं कसं? पहिल्या महिन्यानंतर कामगाराला त्याचं एनपीएस स्टेटमेंट काढायला सांगा. ८,४०० मालकाच्या हिश्शाखाली दिसले पाहिजेत. दुसरीकडे दिसले तर लगेच दुरुस्तीला लागा, मार्चची वाट पाहू नका.

दुसरी चूक परताव्याची. कामगार ॲपवरून स्वतः पैसे भरतो आणि तुम्ही त्याला तेवढी रक्कम ‘एनपीएस अलाउन्स’ म्हणून देता. तो भत्ता पूर्ण करपात्र आहे. पैसे फर्मच्या खात्यातून थेट प्रानमध्ये गेले पाहिजेत.

तिसरी चूक फॉर्म १६ मध्ये होते. नियम असा की मालकाचा हिस्सा आधी पगारात मिळवायचा आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा करायचा. आपल्या उदाहरणात पगार १३,६८,००० दाखवायचा, ७५,००० वजा, मग १,००,८०० वजा, शिल्लक ११,९२,२००. काही जण हातात दिलेले १२,६७,२०० हाच पगार दाखवतात आणि वर पुन्हा १,००,८०० वजा करतात. एकच रक्कम दोनदा गेली. उत्पन्न १०,९१,४०० दिसतं, जे चुकीचं आहे. फॉर्म १६ हातात आला की ही बेरीज स्वतः एकदा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि मोठ्या पगारांसाठी एक मर्यादा: पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून मालकाचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला तर वरची रक्कम करपात्र होते. आपल्यापैकी फार थोड्यांना हा प्रश्न येईल.

आता तुमचं पगारपत्रक उघडा. ज्यांचा वार्षिक पगार १२,७५,००० च्या वर आहे किंवा ज्यांना बाहेरचं उत्पन्न धरून कर लागतो, त्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांच्यासाठी वरचा हिशोब त्यांच्या बेसिकवर मांडा, हातात किती कमी येईल तो आकडा त्यांना दाखवा आणि त्यांना ठरवू द्या. बाकीच्यांचा पगार आहे तसाच राहू द्या. हिशोब कुठे अडला तर बेसिक आणि एकूण पगार हे दोन आकडे कमेंटमध्ये टाका, नाव टाकू नका. पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडून दाखवतो.